पौषातलं लग्न

गुरुवार, २५ डिसेंबर १८७३. पुण्याच्या गंज पेठेत सकाळचा गारठा अजून ओसरलेला नाही. डोक्यावरचं पागोटं एका हाताने सावरत तुम्ही गवताच्या भाऱ्यांमधून, भाजीच्या पाट्यांमधून वाट काढता आहात. सरकारी कचेऱ्यांना आज नाताळची सुट्टी आहे, पेठेला तिचं सोयरसुतक नाही. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली एक म्हातारी शेजारणीला विचारते, "पौषात कुणी लगीन लावतं व्हय गं? पंचांग काय गहाण टाकलं का काय?"

"त्यांच्यात पंचांगच नाय बघत आता," शेजारीण म्हणते. "भटबी नाय बोलवत."

म्हातारीचं सूप थांबतं. "भट नाय? मग लागतं कसं लगीन?"

तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं आहे. जन्मापासून तिने जेवढी लग्नं पाहिली त्या सगळ्यांत लग्न लागलं हे सांगणारा माणूस एकच असायचा. पंचांग त्याच्याकडे, वेळ मोजणारं भांडं त्याच्याकडे, मंत्रही त्याच्याकडेच. तो नसेल तर नवरानवरी पाटावर उभी राहतील, वऱ्हाडी अक्षता टाकतील, पण लग्न लागलं की नाही ते कळणार कुणाला?

पलीकडच्या गल्लीतून एक वयस्क माळी येतात. कानाला मफलरासारखं फडकं गुंडाळलेलं, हातात पानांची चवड. तुम्ही परगावचे आहात हे त्यांच्या लगेच ध्यानात येतं. "पावणं, लगनाला आलाय न्हवं? चला माझ्यासंगं. अजून वेळ हाय." वेळ आहे म्हणजे किती, असं तुम्ही विचारता. ते हसतात. "माणसं जमली की वेळ झाली."

हे म्हातारबा सत्यशोधक समाजाचे सभासद आहेत. समाजाला आत्ता कुठे तीन महिने झालेत. २४ सप्टेंबरला जोतीराव फुल्यांच्या बोलावण्यावरून साठेक माणसं जमली, त्यात हेही होते. माळी, कुणबी यांच्या जोडीला पुण्या-मुंबईतले कामाठी कंत्राटदार होते, दुकानदार होते, चार बुकं शिकलेले तरुण होते. जोतीराव अध्यक्ष आणि खजिनदार झाले, नारायण गोविंदराव कडलक चिटणीस. ठरलं ते थोडक्यात असं: देव एक आहे, सगळी माणसं त्याची लेकरं आहेत, आणि लेकराला आईबापाशी बोलायला जसा दलाल लागत नाही तसा देवाला भजायलाही लागत नाही. सभासद होताना बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची. मूर्तिपूजेवर आणि पुराणांवर तुटून पडणारी ही माणसं शपथ घेतात ती खंडोबाच्या भंडाऱ्याची! तुम्हाला यात विसंगती दिसेल. म्हातारबांना दिसत नाही. साक्षीला काहीतरी ओळखीचं लागतं, आणि भंडाऱ्याला भट लागत नाही.

"पण तुमाला हे कळायचं न्हाई," ते चालता चालता थांबून म्हणतात. "आधी जुनं लगीन बघा. मग आजचं."

आणि तुम्ही सात-आठ महिने मागे जाता.

हवेली तालुक्यातलं एक खेडं, वैशाखातली संध्याकाळ. कुणब्याच्या दारात मांडव आहे. आंब्याचे डहाळे उन्हाने सुकून कुरकुरीत झालेत. मांडवाच्या एका अंगाला पाण्याने भरलेलं घंगाळ ठेवलंय आणि त्यात तांब्याची एक लहानशी वाटी तरंगते आहे. हेच ते घटिकापात्र. जवळ जाऊन पाहा. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं छिद्र आहे. त्यातून पाणी हळूहळू वर येतं, वाटी जड होते, काठाशी एकदा थरथरते आणि बुडते. एक घटका झाली, म्हणजे तुमच्या घड्याळातली चोवीस मिनिटं. दिवसरात्र मिळून अशा साठ घटका. जोशीबुवा वाटी काढतात, रिकामी करून पुन्हा सोडतात, आणि शेजारी कुंकवाचं एक बोट ओढतात. सूर्य मावळल्यापासून किती बोटं झाली यावर मुहूर्त ठरणार. वाटीलाही हळदकुंकू वाहिलंय, आणि वाहताना सुपारीवर पैसा ठेवलाय. तो पैसा जोशीबुवांचा.

आता नुसतं मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहा आणि पैसा कुठे कुठे जातो ते बघा. आधी गणपतीपूजन, तिथे तांदळाची रास, नारळ, सुपारी, वर दक्षिणा. मग पुण्याहवाचन, पुन्हा तेच. देवक बसवताना पुन्हा. कन्यादानाला मोठी दक्षिणा, होमाला निराळी. प्रत्येक ठिकाणी चौरंगावर मांडलेलं सामान विधी संपला की एका धडप्यात बांधलं जातं: तांदूळ, खोबऱ्याच्या वाट्या, खण, खारका. शेवटी भूयसी दक्षिणा, म्हणजे मांडवात जे जे ब्राह्मण हजर असतील त्या सगळ्यांना सरसकट वाटायची ती. मुलीचा बाप दर वेळी कमरेची कसणी सोडतो आणि बांधतो. जोशीबुवा म्हणतात ते मंत्र पुराणातले. वेदातले मंत्र शूद्राच्या कानावर पडता कामा नयेत असा त्यांचा नियम. तसंही कानावर पडतं त्यातलं ‘सावधान’ सोडलं तर घरच्या कुणाला एक अक्षर कळत नाही.

जोतीरावांनी १८६९ साली छापलेल्या ‘ब्राह्मणांचे कसब’ या पुस्तिकेत हीच यादी पद्यात लावली आहे, आणि ती लग्नापाशी थांबत नाही. पोर पोटात आल्यापासून माणूस मेल्यानंतरच्या श्राद्धापर्यंत, नवं घर बांधण्यापासून ग्रहणापर्यंत, प्रत्येक वळणावर हात पुढे आलेला असतो. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितील तेव्हा पहिलं प्रकरण पुन्हा याच हिशेबाला देतील.

मात्र जोशीबुवांकडेही नीट बघा. अंगावरचं उपरणं विरलेलं आहे. चार भाऊ आहेत, जोशीपणाचं वतन चौघांत वाटलेलं, या वर्षी पाळी यांची. गावातली सगळी लग्नं, मुंजी, श्राद्धं यांच्याकडे. पुढच्या वर्षी धाकट्याकडे. खळ्यावर रास पडली की धान्याचा वाटाही मिळतो, कारण कित्येक गावांत जोशी बलुतेदारांमध्ये मोडतो. थोडक्यात, जमिनीचा तुकडा असतो तसा हा हक्क. तो वारसाने येतो, भावांत वाटला जातो, गहाण पडतो, विकलाही जातो. जोशीबुवांच्या डोळ्यांना समोरचा कुणबी भक्त दिसत नाही, आपल्या वहीतलं एक खातं दिसतं. दक्षिणेला आपण भीक म्हणा, दान म्हणा, श्रद्धा म्हणा. त्यांच्या लेखी ती येणं रक्कम आहे. ही गोष्ट आत्ताच मनात घट्ट धरून ठेवा, पुढे ओतूरला लागणार आहे.

एक खुलासा इथेच करतो, कारण नंतर राहून जाईल. शेतकरी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असं त्या काळचे साहेब आणि शिकलेले देशी लोक येता-जाता म्हणत. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, मग सरकारने कमिशन नेमलं. त्या कमिशनलाच हे कारण फुगवून सांगितलेलं वाटलं. जोतीरावांनीही ‘असूडा’त या म्हणण्याची खिल्ली उडवलेली आहे. कुणब्याच्या लग्नातलं जेवण काय असतं हे एकदा येऊन बघा, असा त्यांचा रोख. सारा, सावकाराचं व्याज, कचेरीतली लाच यांच्या जोडीला त्यांनी धार्मिक खर्चही मांडला. पण त्याच्यावर त्यांचा राग जास्त. सारा भरताना शेतकरी निदान चडफडतो तरी. दक्षिणा देताना तो पाया पडतो.

वाटी बुडाली. "सावधान!" अंतरपाट खाली. ताशे वाजायला लागले, आणि तुम्ही परत गंज पेठेत.

इथे ताशे नाहीत. सारवलेलं अंगण, एका कडेला जाजम, बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. घंगाळ नाही, वाटी नाही, होमाची विटांची चौकट नाही. नवरदेव सीताराम जबाजी आल्हाट, समाजाचे सभासद. नवरी राधा, बजूबाई निंबणकरांची मुलगी. बजूबाई सावित्रीबाईंची मैत्रीण, आणि या लग्नात सावित्रीबाईंचा हात पहिल्यापासून आहे. जो काही थोडका खर्च झाला तो त्यांनीच केला असं सांगितलं जातं. तो दिसायलाही थोडकाच आहे. म्हातारबांनी आणलेली पानं, एका तबकात सुपारी, फुलांचे हार. हार माळ्यांच्या घरचेच.

त्या बेचाळिशीच्या बाईकडे तुमची नजर जातेच. जाडंभरडं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. पंचवीस वर्षांपूर्वी शाळेत जाताना शेण झेललेली हीच ती. आज तिला कुणाला काही शिकवायचं नाही. ती मुलीच्या आईशी काहीतरी बोलते आहे आणि मधेच वळून पोरांना जाजमावरून उठवते आहे. शेजारच्या पडवीत जोतीराव उभे आहेत, सेहेचाळीस वर्षांचे, अंगाने भरलेले. याच वर्षी जूनमध्ये त्यांचं ‘गुलामगिरी’ छापून झालं. अमेरिकेत काळ्या लोकांना गुलामीतून सोडवणाऱ्यांना त्यांनी ते अर्पण केलं आहे. घरामागचा हौद त्यांनी पाच वर्षांपूर्वी अस्पृश्यांना खुला केला, त्या हौदावरून आताही कुणीतरी घागर भरून निघालंय.

माणसं जमतात. वेळ झाली.

वधूवर समोरासमोर उभे राहतात. दोघांच्या वतीने कुणी संस्कृत बोलत नाही. जे बोलायचं ते दोघांनी, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एकमेकांना धरून राहू, सत्याने वागू, अशी देवाला साक्ष ठेवून घेतलेली शपथ. नवरी पहिल्यांदा पुटपुटते. बायकांतून कुणीतरी म्हणतं, "मोठ्यानं बोल गं." ती मोठ्याने बोलते. मग फुलं, अक्षता, आणि पानसुपारी हातोहात फिरते. तुम्ही पागोट्याखालून घड्याळाचा अंदाज घेता. वैशाखातल्या त्या मांडवात नुसत्या देवकाला जेवढा वेळ गेला होता, तेवढ्यात इथे सगळं आटोपलं.

ओट्यावरची म्हातारीही येऊन मागे उभी राहिली आहे. "झालं?" ती विचारते.

"झालं," म्हातारबा म्हणतात.

"कुणी म्हनलं झालं म्हणून?"

"समद्यांनी ऐकलं न्हवं दोघं काय बोलली ते? तुमीबी ऐकलं."

ती काही बोलत नाही. पानाचा विडा मात्र घेते.

तिची शंका पोकळ नव्हती, हे आपण दीडशे वर्षांनी सहज विसरतो. लग्न लागलं नाही असं भावकीने ठरवलं तर मुलीचं काय? वाटणीच्या वेळी दिराने "ती लग्नाचीच नव्हे" म्हटलं तर? पोरांना बापाचं नाव लावताना कुणी बोट दाखवलं तर? नोंदणीचं कार्यालय नाही, दाखला नाही. होता तो भटजींचा शब्द. त्याच्या जागी समाजाने चारचौघांना उभं केलं, म्हणून लग्न उघड्यावर लावणं भागच होतं. गुपचूप करून यातलं काहीच साधलं नसतं.

इथे मुंबईची आठवण काढायलाच हवी. १८४९ च्या सुमाराला तिकडे दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस मंडळी काढली होती. जातिभेद मोडायचा हा त्यांचाही हेतू, आणि तो प्रामाणिक होता. पण बैठक दार लावून. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, जात मोडली याची ती खूण. पाव खाऊन झाला की दार उघडून प्रत्येकजण आपापल्या सोवळ्या घरी जायचा. दहा-अकरा वर्षांनी सभासदांच्या नावांची वही कुणीतरी पळवली, नावं बाहेर फुटणार अशी हूल उठली, आणि एवढी शिकलेली मंडळी पांगली. पुढे त्यांच्यातल्याच काहींनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा केला. त्याची प्रार्थना सुंदर, पण तिथेही घरच्या लग्नाला भटजी येत राहिले अशी घरं कमी नव्हती. मला त्या लोकांची चेष्टा करायची नाही. जातीतून वाळीत पडणं म्हणजे काय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण गंज पेठेतल्या अंगणात लपवायला वहीच नव्हती. जे झालं ते म्हातारीसुद्धा बघून गेली.

याची किंमत दुसऱ्याच लग्नाला कळली. ७ मे १८७४, ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांचं लग्न. या वेळी नातेवाईकच उठले. धर्म बुडतो, कुळाला बट्टा लागतो, लग्न होऊ देणार नाही. शेवटी ते जोतीरावांच्या घरात, पोलीस बंदोबस्तात लावावं लागलं. तुम्ही त्या दिवशी दारात उभे राहिलात तर शिपायाच्या खांद्यावरून एवढंच दिसेल: आत तीच पानसुपारी, तेच हार, आणि बाहेर नवऱ्याचेच भाऊबंद. भट यात कुठेच समोर नाही. त्याला यावंच लागत नाही, त्याचं काम जातच करते.

आता दहा वर्षं पुढे या. १८८४, जुन्नर तालुक्यातलं ओतूर.

हे पुण्यासारखं नाही. पुण्यात माणूस गर्दीत मिसळून जातो. इथे कुणाच्या घरी कोणता पाहुणा आला हे वेशीवर कळतं. समाज या भागात चांगला मुरला आहे, भाऊ कोंडाजी डुंबरे पाटलांसारखे खेड्यातले वजनदार लोक त्यात आहेत. आणि बाळाजी कुसाजी पाटलांनी आपल्या घरचं लग्न ब्राह्मणाला न बोलावता लावलं आहे. मारामारी झाली नाही, पोलीस बोलवावे लागले नाहीत. त्याऐवजी जोशांनी कोर्टात दावा ठोकला.

चावडीजवळच्या पारावर बसलेले चार शेतकरी त्यावरच बोलतायत. तुम्ही त्यांच्यात जाऊन बसा.

"आमी त्यांना बोलावलंच न्हाई, तर पैसं कशाचं?" एक तरणा पोरगा तावातावाने विचारतो.

"वतनाचं," कोर्टाच्या खेपा घातलेला एक जाणता सांगतो. "वकील म्हनला, तुमी बोलवा न्हाईतर नका बोलवू. गावातलं लगीन लागलं की जोशाचा हक्क लागला."

वैशाखातल्या त्या विरलेल्या उपरण्याची आता आठवण करा. इंग्रजी कोर्टांनी धर्मात हात घालायचा नाही असं धोरण ठेवलं, पण वतन ही त्यांच्या दृष्टीने मालमत्ता, आणि मालमत्तेचं रक्षण करणं हे त्यांचं कामच. म्हणून मुंबईच्या हायकोर्टाने १८७० च्या दशकातच वतनदार जोशांच्या बाजूने निकाल दिले होते. दुसऱ्याच ब्राह्मणाने येऊन विधी केला तर वतनदार त्याच्यावर दावा लावू शकतो. यजमानाने परस्पर दुसरा भट आणला तर यजमानाकडूनही आपली दक्षिणा वसूल करू शकतो. यजमानाची श्रद्धा त्या जोशावर आहे की नाही, हा प्रश्न कोर्टापुढे येतच नाही. ज्या राज्याने पेशव्यांचं दक्षिणा वाटणं बंद केलं, त्याच राज्याच्या मुनसफाने खेड्यातली दक्षिणा हुकूमनाम्याने वसूल करण्याजोगी ठरवली. जोतीरावांचा इंग्रजी राज्यावर मोठा भरवसा होता, हे ध्यानात घेतलं की त्यांचा चडफडाट कळतो.

पण ओतूरच्या दाव्यात एक पेच नवा होता. आजवरच्या भांडणांत एका भटाच्या जागी दुसरा भट आलेला असायचा. इथे कुणीच आलं नव्हतं. ना होम, ना मंत्र, ना कन्यादान. जे विधी झालेच नाहीत त्यांची दक्षिणा कशी मागायची? जोशाकडून याचं उत्तर तयार: लग्न लागलं ना? मग ते लावायचा हक्क आमचा होता, तो बुडाला. पाटलांच्या बाजूने: आमच्या पद्धतीत लग्न लावणारा नसतोच, वधूवर आपलं आपण लावतात. थोडक्यात, गंज पेठेतल्या म्हातारीचाच प्रश्न आता स्टँपाच्या कागदावर चढला होता.

"पुण्याला तात्यासाहेब हायेत आपल्या मागं," तरणा म्हणतो. जोतीरावांना इकडे असंच म्हणतात, आणि ते खरोखर मागे होते.

"मागं हायेत रं," जाणता म्हणतो, "पर तारखेला जुन्नरची वाट मलाच तुडवायची."

खरा खर्च इथे होता. लग्नात वाचलेले रुपये वकिलाच्या, स्टँपाच्या आणि बैलगाडीच्या भाड्यात जातात. जोशाला मात्र एकच दावा जिंकला की पुरे; आसपासच्या दहा गावांत बातमी जाते आणि पुढचा बाप मुकाट्याने सुपारीवर पैसा ठेवतो. हिशेबी माणूस असंच म्हणेल की दक्षिणा देऊन टाकणं स्वस्त. तरीही त्या पट्ट्यात लग्नं भटाविना लागत राहिली.

त्यांच्या हाताला काहीतरी छापील हवं होतं. दर ठिकाणी पुण्याहून माणूस कुठून आणणार? १८८७ मध्ये जोतीरावांनी मंगलाष्टकांसह सगळे पूजाविधी एका लहानशा पुस्तकात छापले. लग्न कसं लावायचं, नवं घर कसं भरायचं, माणूस गेला तर काय करायचं, सगळं मराठीत. अक्षरओळख असलेला कुणीही हातात धरून वाचू शकेल असं. त्यातली मंगलाष्टकं बाहेरचा कुणी म्हणत नाही. ती वधूवरांचा संवाद आहेत. वधू विचारते, बायकांना हक्क नाहीत, स्वातंत्र्य काय ते आम्हाला ठाऊक नाही, ते तू मला देशील का? आणि वर सगळ्यांसमोर शपथ घेतो. १८७३ मध्ये राधाला "मोठ्यानं बोल गं" म्हणावं लागलं होतं. आता बोलायचं काय तेही छापून आलं होतं. अर्थात बहुतेक सोयरिकी जातीतच जुळत राहिल्या आणि मुलींची वयंही फारशी वाढली नाहीत. भटाला दाराबाहेर ठेवणं जमलं, जातीला ठेवणं फार थोड्यांना. सत्यशोधकांचं कौतुक करताना ही बाजू झाकू नये.

पारावर ऊन सरकलंय. जाणता तुमच्याकडे वळतो. तुम्ही पुढच्या काळातून आलात हे त्याला कसं कळलं कुणास ठाऊक, पण त्याचा त्यावर विश्वास बसलेला दिसतो. तो सरळ मुद्द्याला हात घालतो. "मग हे जोशाचं वतन जातं का कधी?"

तुम्ही सांगता: जातं. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले नावाचे सभासद बिल आणतील, आणि १९२६ साली कायदा होईल. ज्या पुरोहिताला बोलावलं नाही, ज्याने विधी केला नाही, त्याला दक्षिणेसाठी कोर्टात जाता येणार नाही. बोलवायचं त्याने बोलवावं, द्यायचं त्याने द्यावं.

तो बोटांवर मोजतो. एकदा चुकतो, पुन्हा मोजतो. "बेचाळीस वर्सं." मग थोडं थांबून, "आन् तवर जे कोर्टात भरलं, ते?"

त्याबद्दल कायद्यात काही नाही, असं तुम्ही सांगता.

"वाटलंच," तो म्हणतो आणि बैल जुंपायला उठतो. उद्या जुन्नरला तारीख आहे.